नानांच्या कपाचा कान

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि गल्लीत प्रिंटरवाली. थोरली जाऊ बँकेत होती, त्यामुळे थोरलीच्या कामाला 'ऑफिस' म्हणत आणि धाकटीच्या कामाला 'तिचं ते मशीन'. मशीन एक नव्हतं, दोन होती. पुढच्या खोलीत, जिथे आधी चपलांचं कपाट आणि नवऱ्याची स्कूटर असायची, तिथे आता दोन प्रिंटर दिवसभर घरघरत असत आणि प्लास्टिकच्या तारेचे थर एकावर एक रचून वस्तू उभी करत असत. मिक्सरचं तुटलेलं बटण, पडद्याच्या दांडीचा आधार, वॉशिंग मशीनच्या दाराची खिट्टी, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची छोटी छोटी घरं. जे बाजारात मिळायचं बंद झालं, ते माणसं धाकटीकडे घेऊन येत.

यातलं निम्मं काम छपाईचं होतं आणि निम्मं डागडुजीचं. लोक इंटरनेटवरून फुकटची डिझाइनं उतरवून आणत आणि म्हणत, "तयारच आहे, फक्त प्रिंट करा." धाकटीला या वाक्याची चीड होती. कॉम्प्युटरमध्ये वस्तू म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी असते, आतून पोकळ, आणि ती जाळी कुठे उसवलेली आहे हे वरून कळत नाही. पूर्वी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तिनं बरीच वर्षं नकाशे काढले होते, तेव्हापासून तिला न जुळणाऱ्या रेघा सहन होत नसत. गिऱ्हाइकाला ती उशीच्या अभ्र्याचं उदाहरण द्यायची. अभ्र्याची प्रत्येक शिवण दोन कापडं जोडते. दोनच. एकाच कापडाची कड मोकळी राहिली तर तिथे भोक, कापूस बाहेर. आणि एकाच शिवणीत तीन-चार कापडं घुसवली, तर अभ्र्याचं आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे शिवणाऱ्यालाच कळणार नाही. जाळीतही तसंच. प्रत्येक कडेला दोनच त्रिकोण हवेत. कमी झाले तर भोक, जास्त झाले तर गोंधळ. आणि मशीन बिचारं आत-बाहेर ओळखूनच काम करतं. आत असेल तिथे भरतं, बाहेर असेल तिथे सोडतं.

सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या त्या फुलदाणीला सगळी भोकं बुजवलीस तर फुलं कुठे खोचायची गं?" धाकटी हसली होती. भोक वेगळं आणि तोंड वेगळं, असं तिनं समजावलं. फुलदाणीच्या तोंडातून जाळी आत वळते, तळाला जाते, कुठेही तुटत नाही. भोक म्हणजे जिथे जाळी संपते आणि पुढे काहीच नसतं.

अशा फायली दुरुस्त करायचं बटणही असतं. दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच काय ते करतं आणि हिरवी खूण दाखवतं. त्या बटणावर विसंबणाऱ्यांना धाकटी सोडत नसे. एका विद्यार्थिनीला तिनं चार माणसांत सुनावलं होतं, की बटण दाबणं म्हणजे सतरंजी अंथरून फरशीची भेग लपवणं. दुरुस्ती झाली की थर बघायचे, खालपासून वरपर्यंत, एकेक. मशीन प्रत्यक्षात कुठे प्लास्टिक ओतणार आहे ते तिथे दिसतं, आणि तिथे खोटं बोलता येत नाही. मुलगी रडवेली झाली होती. धाकटीला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. चांगली शिकवण दिली असंच वाटलं होतं.

नाना म्हणजे तिचे सासरे. पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या पाठीमागच्या. शिडीवर उभं राहून, फूटपट्टी न लावता, एका दमात दोन हात लांब सरळ रेघ मारायचे, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला खाली न बघता विचारायचे, "वाकडी दिसते का?" कुणाची हो म्हणायची छाती नसे. पाट्या छापून मिळायला लागल्या तसं काम कमी झालं, पण हात तसाच राहिला. घरातल्या डब्यांवरसुद्धा साखर, रवा, मीठ अशी अक्षरं होती, एखाद्या सराफाच्या पेढीवर शोभतील अशी.

मग त्यांना झटका आला. जीव वाचला, बोलणं चार-सहा दिवसांत परत आलं, पाय ओढत का होईना, ते चालू लागले. उजवा हात मात्र मांडीवर परक्यासारखा पडून राहिला. व्यायामाच्या बाई दिवसाआड येऊ लागल्या. बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. हळूहळू अंगठा हलला, मग पहिली दोन बोटं. बाईंनी सांगितलं की आता हाताला रोजचं काम द्या, आणि काम असं द्या की आजोबांना हवंसं वाटेल. चेंडू दाबून कंटाळा येतो. चहा द्या.

चहाच्या पेल्याला बसेल असं एक कडं असतं, दोन्ही बाजूंना मोठे कान असलेलं, की चारही बोटं आत जातात आणि दोन्ही हातांनी पेला उचलता येतो. बाईंनी मोबाइलवर चित्र दाखवलं. धाकटी म्हणाली, विकत कशाला, मी काढते. नाना कौतुकानं म्हणाले, "बघा, घरचा कारखाना आहे आमचा."

डिझाइन लगेच सापडलं. कुणीतरी परोपकारी माणसानं फुकट ठेवलं होतं, खाली लोकांच्या आभाराच्या ओळी होत्या. धाकटीनं ते उतरवलं, पेल्याच्या मापाचं केलं आणि स्लायसरमध्ये घातलं. वस्तूचे थर पाडून मशीनला समजेल अशी भाषा करणारा प्रोग्रॅम. त्यानं लगेच पिवळा इशारा दिला. जाळीत भरपूर चुका आहेत, भोकं आहेत, कडा धड नाहीत.

त्या दिवशी कॉलेजच्या प्रदर्शनाची घरं द्यायची होती. एका मशीनवर छप्परं चढत होती, दुसरं थोड्या वेळापुरतं मोकळं होतं. धाकटी इशाऱ्याकडे बघत क्षणभर थांबली. गिऱ्हाइकाचं काम असतं तर तिनं फाइल बाजूला ठेवली असती, उलगडून पाहिली असती. पण मनात आलं, घरचंच तर आहे. नाना काय तक्रार करणार आहेत? तिनं बटण दाबलं. हिरवी खूण आली. थर न बघता तिनं काम मशीनवर चढवलं आणि विद्यार्थ्यांच्या घरांच्या खिडक्या तपासायला बसली, एकेक खिडकी, भिंग लावून.

प्लास्टिक मात्र तिनं नीट निवडलं होतं, चहाच्या उष्णतेनं मऊ न पडणारं. पुढे स्वतःला समजावताना ही एक गोष्ट तिला आठवायची, आणि तिचा काहीच उपयोग व्हायचा नाही.

कडं छान निघालं. निळं, गुळगुळीत. नानांनी पहिल्या दिवशी पाणी घेतलं, मग अर्धा पेला चहा. डावा हात मदतीला होता, पण उजव्याची बोटंही कानात धरून असत. हळूहळू ते डावा हात सैल सोडू लागले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत आणि बघत नाही असं दाखवत. घरात कुणी त्याबद्दल फार बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलं होतं. बोललं तर दृष्ट लागेल असं सासूबाईंना वाटे, आणि बोललं तर नाना लाजून थांबतील असं बाकीच्यांना.

मग फ्रेमवाले आले. नानांच्या जुन्या दुकानाशेजारी फोटोंच्या चौकटी बनवायचं त्यांचं दुकान होतं. दोघांनी उभा जन्म एकमेकांची चेष्टा करण्यात घालवला होता. फ्रेमवाले म्हणायचे, "तुमच्या रेघा सरळ असतात कारण माझ्या चौकटी बघून तुम्ही शिकलात." ते आले म्हणून नानांनी इस्त्रीचा सदरा घातला. चहा आला. नानांनी फ्रेमवाल्यांकडे एकदा पाहिलं, डावा हात उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला, आणि उजव्या हातानं, एकट्या उजव्या हातानं, पेला उचलला.

ओठांपाशी जाता जाता कट्ट असा आवाज झाला. कान नानांच्या हातात राहिला आणि पेला मांडीवर.

मोठा चटका नव्हता; चहा कोमट करूनच देत. मांडी लाल झाली, फोड आला नाही. सासूबाई ओला पंचा घेऊन धावल्या, फ्रेमवाले उठून उभे राहिले आणि कुठे हात लावावा हे न कळून तसेच राहिले. नाना मात्र मांडीकडे बघतच नव्हते. ते हाताकडे बघत होते. कान बोटांतून गळून खाली पडला होता.

"सुटला," नाना म्हणाले. "हात सुटला माझा."

"असू दे हो," फ्रेमवाले म्हणाले, "थरथरला असेल. व्हायचंच."

धाकटी आवाज ऐकून पुढच्या खोलीतून आली होती. तिनं खाली वाकून कान उचलला आणि तुटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. तिथेच तिला सगळं कळलं. प्लास्टिक खरोखर तुटतं तेव्हा ते फाटतं, खरबरीत होतं, पांढरं पडतं. ही बाजू गुळगुळीत होती, थरांच्या बारीक रेघा एकाखाली एक. तयार भिंत असते तशी. कान कड्यापासून तुटलाच नव्हता, कारण तो कड्याला कधी जोडलेलाच नव्हता. शेजारी-शेजारी छापला गेला होता आणि इतके दिवस नुसता चिकटून होता.

तिनं तोंड उघडलं. सासूबाई म्हणाल्या, "कोरडी चादर आण गं आधी." ती चादर आणायला गेली, आणि जाता जाता तो तुकडा तिनं कुर्त्याच्या खिशात टाकला. परत आली तोवर फ्रेमवाले निघाले होते, नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि बोलायची वेळ गेली होती. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

रात्री जेवताना सगळ्यांनी आपापली मतं दिली. थोरली म्हणाली, मी तर आधीच म्हणत होते साधा पेला आणि स्ट्रॉ द्या. नवरा म्हणाला, प्लास्टिक ते प्लास्टिक, त्यांनी जोर जास्त लावला असेल. सासूबाई म्हणाल्या, माझंच चुकलं, पेला जास्त भरला. सगळ्यांनी थोडा थोडा दोष वाटून घेतला, ताटातल्यासारखा. धाकटीच्या वाट्याला काहीच आलं नाही. ती भात कालवत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून नानांचा उजवा हात चादरीखाली गेला. चहा ते डाव्या हातानं घेऊ लागले. व्यायामाच्या बाईंनी हात मागितला तर तो गाठोडं दिल्यासारखा देत, आणि बाई गेल्या की पुन्हा आत. बाईंनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी जाताना पुढच्या खोलीत थांबून त्या धाकटीला म्हणाल्या, "यांच्या डोक्यात बसलंय की हात गेला. हात गेलेला नाही. पण हाताकडून काम घेतलं नाही ना, तर जे आलंय तेही जाईल. आणि ही वेळ एकदा गेली की परत येत नाही. त्या दिवशी नक्की झालं तरी काय?"

"हातातून सुटलं," धाकटी म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून निघालं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली. इतके दिवस ती नुसती गप्प होती. आता ती खोटं बोलली होती, आणि तेही त्या माणसाविरुद्ध, जो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

त्या दिवशी तिनं कुणाचंही काम घेतलं नाही. बसली आणि कड्याची मूळ फाइल उघडली, यावेळी डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये, जिथे जाळी सोलून बघता येते. चुकीच्या कडा दाखव म्हटल्यावर प्रोग्रॅमनं त्या पेटवून दाखवल्या. डाव्या-उजव्या दोन्ही कानांच्या मुळाशी नारिंगी वलयं. परोपकारी माणसानं घाई केली होती. एक कान त्यानं कड्यात खोल घुसवला होता, म्हणून तो चुका असूनही तरला. दुसरा नुसता कड्याच्या पाठीला टेकवला होता, टोकाशी उघडा, आणि टेकलेल्या कडा कड्याच्या जाळीत शिवून टाकल्या होत्या. तिथे प्रत्येक कडेला तीन त्रिकोण. दोन कड्याचे, एक कानाचा.

मग तिनं तीच फाइल पुन्हा बटणानं दुरुस्त केली, नुसतं बघायला. बटणानं काय केलं होतं? गोंधळ नको म्हणून जादा त्रिकोणच काढून टाकले होते. कानाच्या मुळाशी असलेली बारीक त्रिकोणांची अख्खी पट्टी गेली. मग उघडं पडलेलं टोक दिसलं, ते भोक समजून त्यावर झाकण बसवलं. आता एकही चूक नाही. कडं पूर्ण, कान पूर्ण, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी फट. थर बघितले असते तर पहिल्याच कान असलेल्या थराला कळलं असतं. बाहेरच्या भिंतीची रंगीत रेघ कड्यातून कानात वळायला हवी होती. ती कड्याभोवती वेगळी फिरत होती आणि कानाभोवती वेगळी. कुणाही शेंबड्या पोराला दिसावं इतकं स्पष्ट. प्लास्टिकची तार गरम असताना जरा पसरते, म्हणून ती फट झाकली गेली आणि हाताला एकसंध लागली.

ती विद्यार्थिनी तिला आठवली. तिला आपण जे जे बोललो ते सगळं खरं होतं, हे जास्त लागलं.

दुरुस्ती अवघड नव्हती. हे तर आणखी वाईट. कानाचं मूळ तिनं सोडवलं, शिवलेल्या कडा मोकळ्या केल्या, कड्याच्या आत अडकलेले निरुपयोगी त्रिकोण पुसले. उघडं टोक ओढून कड्याच्या भिंतीत खोल नेलं आणि तिथे झाकलं, मग कान आणि कडं मिळून एकच वस्तू करून घेतली, म्हणजे आतलं जे काही होतं ते विरघळून फक्त बाहेरची कातडी उरली. दुसऱ्या कानालाही तसंच केलं. मुळाशी थोडा गोलवा दिला, भिंत जाड व्हावी म्हणून तारेचे फेरे वाढवले. चुकीच्या कडा दाखव म्हटलं. प्रोग्रॅमनं काहीच पेटवलं नाही. तरी ती थर बघत गेली. रेघ कड्यावरून येऊन कानात वळत होती आणि फिरून परत कड्याला मिळत होती. चहा थंड होण्याइतक्या वेळाचं काम. तेवढा वेळ तिच्याकडे तेव्हाही होता.

नवं कडं निघाल्यावर तिनं ते दोन्ही कानांना धरून पूर्ण जोर लावून ओढलं, मग नवऱ्याला ओढायला लावलं. तो म्हणाला, "आता हे कशाला? ते घेणार नाहीत." तिनं त्यालाही काही सांगितलं नाही.

नवरा बरोबर होता. तिनं चहा नव्या कड्यात नेला. नानांनी बघितलं आणि डावा हात पुढे करून साधा पेला मागितला.

"हे नवीन आहे, नाना. पक्कं आहे."

"कपाचा काय दोष?" नाना शांतपणे म्हणाले. "तू चांगलंच केलं होतंस. हातच राहिला नाही तर तू तरी किती कान लावशील?"

ते समजूत घालत होते. तिची. धाकटी ट्रे धरून उभी राहिली आणि तिला वाटलं, एकदा ओरडले असते तर बरं झालं असतं. मग ती पलंगाच्या कडेला बसली. सून झाल्यापासून ती त्या पलंगावर कधी बसली नव्हती.

"हात सुटला नव्हता तुमचा," ती म्हणाली. "कान सुटला. माझ्या चुकीनं."

तिनं सगळं सांगितलं. अभ्र्याचं उदाहरण दिलं नाही, जाळीचं सांगितलं नाही. एवढंच की तो कान जोडलेलाच नव्हता, बघितलं असतं तर दिसलं असतं, आणि बघितलं नाही. नाना ऐकत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"का नाही बघितलंस?"

"घाई होती." मग ती म्हणाली, "घरचं काम म्हणून."

नानांनी विचारलं, "आणि हे तुला कळलं कधी?"

हाच प्रश्न यायला नको होता. "तेव्हाच," ती म्हणाली. "उचलला तेव्हाच."

"तेव्हाच."

"हो."

"म्हणजे मी इथे पडून होतो," नाना म्हणाले, आवाज न चढवता, "आणि तू रोज दोन वेळा चहा आणून देत होतीस."

सासूबाई मध्ये पडल्या. अहो, पोर आपण होऊन सांगतेय, जाऊ द्या. नानांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "तो तुकडा आहे का?" त्यांनी विचारलं. धाकटीनं खिशातून काढून दिला. तो तिनं एका कुर्त्यातून दुसऱ्या कुर्त्यात असा रोज बदलला होता, टाकवला नव्हता. नानांनी चादर बाजूला केली. डाव्या हातानं तुकडा उजव्या हातात ठेवला आणि उजव्या अंगठ्यानं ती गुळगुळीत बाजू चाचपून पाहिली. पुन्हा पुन्हा. पाटीवरचा रंग वाळलाय का बघावा तशी.

"चहा सांडला त्याचं काही नाही," ते शेवटी म्हणाले. "पण त्या माणसासमोर मी म्हणालो, माझा हात गेला. तोंडानं म्हणालो. त्याला बोलाव. आणि तू सांग त्याला, मी नाही सांगणार."

"सांगते."

"सगळं सांग. कधी कळलं तेही."

फ्रेमवाले दोन दिवसांनी आले. नेमका रविवार, त्यामुळे थोरली घरी होती आणि नवराही. धाकटीला वाटलं होतं, फ्रेमवाल्यांना दारातच गाठून चार वाक्यांत उरकू. पण नानांनी सगळ्यांना बसवलं. ती उभी राहून बोलली. थर न बघितल्याचं सांगताना आवाज नीट होता. खिशात टाकल्याचं सांगताना गेला. थोरलीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. नंतर स्वयंपाकघरात ती म्हणाली, "आणि मी त्या दिवशी स्ट्रॉचं काढलं, तेव्हा तू माझ्या ताटात भाजी वाढत होतीस गं." एवढंच. धाकटीला ते शिव्यांपेक्षा झोंबलं.

फ्रेमवाले मात्र गोंधळले. बाईमाणसाला कुणासमोर असं उभं केलेलं त्यांना आवडलं नसावं. ते म्हणाले, "अहो, आम्हीसुद्धा घरच्या फोटोंना खिळे कमीच ठोकतो." कुणी हसलं नाही. मग ते नानांकडे वळून म्हणाले, "म्हणजे हात शाबूत आहे तर. मग दाखवा की."

नानांनी नव्या कड्यात बोटं घातली. पेला उचलताना तो थरथरला, पूर्वीपेक्षा जास्त, आणि ओठांशी पोहोचेपर्यंत सदऱ्यावर बराच चहा सांडला. सासूबाई पंचा घेऊन पुढे झाल्या.

"राहू दे," नाना म्हणाले. "हा मी सांडलाय."

त्यांनी दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. फ्रेमवाले हळूच म्हणाले, वाकडी दिसते खरी रेघ आज. नानांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

त्या दिवसापासून हात पुन्हा चादरीबाहेर आला. व्यायामाच्या बाई खूश होत्या. मात्र अंगठा आणि पहिली दोन बोटं जशी वळत, तशी उरलेली दोन वळेनात. कानात घातली तरी ती बाहेर काड्यांसारखी ताठ राहत. धाकटीनं बाईंना एकदा पुढच्या खोलीत थांबवून विचारलं, की मधले दिवस वाया गेले नसते तर ही बोटं आली असती का? बाईंनी पर्स खांद्यावर नीट केली. म्हणाल्या, सांगता येत नाही. आली असती, नसतीही आली.

नाना तिच्याशी बोलत, पण कामापुरतं. घरच्या कारखान्याची गंमत पुन्हा केली नाही. ती चहा घेऊन जाई, ते पेला उचलत, आणि ती ट्रे घेऊन निघायच्या ऐवजी तिथेच उभी राही, त्या दोन बोटांकडे बघत. एकदा नाना म्हणाले, "जा, तुझी गिऱ्हाइकं खोळंबली असतील." तिनं मान हलवली आणि त्यांचा पेला रिकामा होईपर्यंत उभीच राहिली.